समोरासमोरच्या मुलाखतीत नजर, बसणं आणि हात मिळवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये दर रविवारी सकाळी मी मराठी मुलामुलींच्या सराव-मुलाखती घेते. त्याआधी पीथमपूरच्या एका कारखान्यात भरतीच्या टेबलामागे बरीच वर्षं बसले. सराव झाल्यावर मुलं घरी जातात आणि रात्री मेसेज येऊ लागतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. क्लासमध्ये सांगतात की बोलण्याचा ५५ टक्के परिणाम देहबोलीचा आणि शब्दांचा फक्त ७ टक्के असतो. हे खरं आहे का?

मुलाखतीच्या बाबतीत नाही. हे आकडे आल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांतून आले. त्यांत लोकांना वेगवेगळ्या सुरांत म्हटलेले सुटे शब्द ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच विचारलं. तुम्ही डिप्लोमाच्या प्रोजेक्टबद्दल पाच मिनिटं बोलता, त्याचा या प्रयोगाशी संबंध नाही. हे आकडे सगळ्या संवादाला लावू नयेत, असं स्वतः मेहराबियन यांनीही सांगितलं आहे.

मी टेबलामागून जे पाहिलं ते असं: नुसत्या देहबोलीच्या जोरावर कुणाला नोकरी मिळाली नाही, पण तिच्यामुळे चांगलं उत्तर ऐकायचं राहून गेलं, असं बरेचदा झालं. उमेदवार खुर्चीवर इतका चुळबुळत असतो की पॅनलचं लक्ष त्याच्या हातातल्या पेनावर जातं. उत्तर त्यांच्यापर्यंत विनाअडथळा पोहोचावं, इतकंच काम देहबोलीकडून हवं असतं.

२. मी खूप तयारी केली, तरी ‘पाठ केल्यासारखं वाटतं’ असं ऐकावं लागलं. नेमकं काय खटकतं?

वेळ खटकते. खरा हावभाव शब्दाच्या जरा आधी किंवा शब्दाबरोबर येतो. ठरवलेला हावभाव शब्दानंतर येतो, कारण आधी वाक्य आठवतं आणि मग ‘आता हात हलवायचा’ हे आठवतं. हे अर्ध्या सेकंदाचं अंतर समोरच्याला सांगता येत नाही, पण जाणवतं.

दुसरी खूण म्हणजे सगळ्या प्रश्नांना एकच चेहरा. ‘घरी कोण कोण आहे?’ याला जे हसू, तेच ‘आधीची नोकरी का सोडली?’ याला. तिसरी खूण म्हणजे प्रश्न पूर्ण व्हायच्या आत सुरू झालेली मान. प्रश्न कुठे वळणार हे माहीत नसताना मान डोलली, की ऐकणं चाललेलं नाही हे कळतं. म्हणून मी मुलांना हावभाव शिकवत नाही. कधी ऐकायचं, कधी विचार करायचा, कधी बोलायचं, एवढंच वेगळं करून दाखवते. पुढची बरीच उत्तरं यावरच उभी आहेत.

३. डोळ्यांत किती वेळ पाहायचं? काही सेकंदांचा नियम आहे का?

लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जवळपास ५०० लोकांवर केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसाने सलग किती वेळ पाहिलेलं बरं वाटतं, याची सरासरी त्यात सव्वातीन सेकंदांच्या आसपास निघाली. पण पडद्यावरचा चेहरा पाहून लोकांनी दिलेली ती उत्तरं होती. आकडा डोक्यात ठेवून मोजत बसलात तर प्रश्न ऐकू येणार नाही. सेकंद सोडा आणि क्रम लक्षात ठेवा.

हा क्रम अॅडम केंडन या अभ्यासकाने १९६७ मध्येच टिपला होता. दोन माणसं गप्पा मारत असली, की ऐकणारा जास्त पाहतो आणि बोलणारा कमी. बोलणारा मोठं वाक्य सुरू करताना नजर बाजूला नेतो आणि संपवताना परत आणतो. ‘माझं झालं, आता तुम्ही बोला’ हे त्या परत आलेल्या नजरेतून कळतं. ओट्यावर बसून शेजारणीशी बोलताना आपण सगळे हेच करतो, कुणी शिकवलेलं नसतं.

मुलाखतीत मुलं नेमकं उलटं करतात. प्रश्न ऐकताना खाली पाहतात, कारण मनात उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. बोलताना मात्र टक लावून पाहतात, कारण ‘आय कॉन्टॅक्ट ठेवा’ असं सांगितलेलं असतं. हे उलटं झालेलं सरळ करा: प्रश्न संपेपर्यंत विचारणाऱ्याकडे पाहा, विचार करताना नजर मोकळी सोडा आणि वाक्याच्या शेवटी परत या.

४. विचार करताना नजर बाजूला नेली तर आत्मविश्वास नाही किंवा खोटं बोलतोय, असं वाटणार नाही का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगते.

अवघड प्रश्नाला नजर बाजूला जाते ती मेंदूच्या सोयीसाठी. समोरचा चेहरा वाचत राहणं हेसुद्धा काम आहे, आणि तेवढं काम थांबवलं की आठवायला जागा मिळते. आर्थर ग्लेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे तपासलं. प्रश्न जितका अवघड तितके लोक जास्त वेळा नजर वळवतात आणि तसं केल्यावर उत्तरं जास्त बरोबर येतात, असं त्यांना दिसलं. डावीकडे पाहिलं तर खोटं, उजवीकडे पाहिलं तर खरं, ही मात्र निव्वळ ऐकीव गोष्ट आहे. तपासणीत ती टिकलेली नाही.

मागच्या उन्हाळ्यात लोकमान्यनगरची एक मुलगी सरावाला आली. मेकॅनिकलचा डिप्लोमा, क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी तयारी. मी विचारलं, ‘प्रोजेक्टमध्ये नेमकं काय बिघडलं होतं?’ तिने माझ्या डोळ्यांत पाहतच सुरुवात केली. ‘सर्व टीमने मिळून समस्येचा अभ्यास केला आणि…’ इथे अडकली. परत तेच वाक्य. तिसऱ्यांदा तेच. नजर हलली नाही, पापणीही क्वचितच लवली. फोनवर तिचंच रेकॉर्डिंग दाखवलं तर म्हणाली, ‘काकू, मी किती घाबरलेली दिसतेय!’ घाबरलेली ती फारशी नव्हतीच. डोळे रोखून धरण्यात सगळी शक्ती जात होती.

दुसऱ्या फेरीत एकच गोष्ट बदलली. मी सांगितलं, प्रश्न संपला की नजर टेबलाच्या कडेवर आण, प्रोजेक्टमधला शाफ्ट डोळ्यांसमोर आण आणि मगच बोल. प्रश्न तोच. ती दोनेक सेकंद गप्प बसली. मग म्हणाली, ‘दुपारनंतर व्यास जास्त यायला लागला होता.’ हे म्हणताना तिचा उजवा अंगठा आणि तर्जनी आपोआप फिरले, व्यास मोजायच्या मायक्रोमीटरचं रॅचेट फिरवावं तसे. ‘आम्हाला वाटलं मशीनच बिघडलं. पण टूलची धार झिजली होती.’ आणि शेवटच्या शब्दाला तिने वर माझ्याकडे पाहिलं.

तो हात मी शिकवला नव्हता, तिलाही तो हलल्याचं कळलं नाही. ज्याने मायक्रोमीटर हातात धरला आहे त्याचाच हात तसा फिरतो, आणि पॅनलवरचा शॉपफ्लोअरचा माणूस ते लगेच ओळखतो.

मर्यादा एवढीच, की नजर जवळच न्या: टेबलाची कड, स्वतःचे हात किंवा समोरच्याच्या खांद्यापलीकडची भिंत. दरवाजा, घड्याळ आणि मोबाइल नको. आणि नाव, गाव, शिक्षण अशा सोप्या प्रश्नाला नजर वळवायची गरज नसते. तिथे वळली तर मात्र विचित्र वाटतं.

५. आमच्या घरी मोठ्यांच्या डोळ्यांत पाहणं उद्धटपणाचं मानतात. सवय कशी मोडू?

मोडू नका, ती चांगली सवय आहे आणि घरी लागणारच आहे. आजोबा रागावले की मान खाली घालणं वेगळं आणि साठीतला अधिकारी कामाबद्दल विचारतो तेव्हा त्याच्याकडे पाहणं वेगळं. दुसऱ्या प्रसंगात पाहणं म्हणजे ‘मी लक्ष देऊन ऐकतोय’ असं सांगणं, आणि तो आदरच आहे.

जड जात असेल तर भुवयांच्या मधे पाहा. टेबलाच्या अंतरावरून समोरच्याला फरक कळत नाही. ही कुबडी पहिल्या दोन-तीन मिनिटांपुरती पुरते, बोलणं रंगलं की डोळे आपोआप जागेवर येतात. बोलणाऱ्याकडे पाहून ऐकायची सवय लावायची तर भाजीवाला, बँकेतले कॅशियर, रिक्षावाले भिया यांच्यापासून सुरुवात करा. रोज पाच माणसांचं बोलणं त्यांच्याकडे पाहून पूर्ण ऐकायचं.

६. पॅनलवर तिघे-चौघे असले तर कुणाकडे पाहायचं?

उत्तर सुरू करा विचारणाऱ्याकडे पाहून. उत्तर दोन-तीन वाक्यांहून लांबलं तर पुढचं एक पूर्ण वाक्य दुसऱ्याला सांगा, त्यापुढचं तिसऱ्याला, आणि शेवट परत विचारणाऱ्यापाशी करा. ‘पूर्ण वाक्य’ महत्त्वाचं आहे. अर्ध्या वाक्यात नजर एकाकडून दुसऱ्याकडे फिरली की टेबल फॅनसारखं दिसतं आणि पाठ केल्याचा वास येतो.

कोपऱ्यात बसून काहीच न विचारणाऱ्या माणसाला विसरू नका. बरेचदा ज्याच्या हाताखाली तुम्हाला काम करायचंय तो तोच असतो. आणि एकच सदस्य हसून मान डोलावत असला, तर नजर त्याच्यावरच चिकटते. ते जाणीवपूर्वक टाळावं लागतं.

७. मुलाखत घेणारे लॅपटॉपमध्ये किंवा माझ्या फाइलमध्ये पाहत असतील तर?

बोलत राहा आणि त्यांच्या चेहऱ्याच्या दिशेनेच पाहा. ते तुमच्याबद्दलच लिहीत असतात. थांबून ‘सर, सांगू का?’ असं विचारायची गरज नाही. मी स्वतः नोंदी करताना वर पाहायची, तेव्हा उमेदवार खिडकीबाहेर पाहत असला की धागा तुटायचा.

८. खुर्चीवर नेमकं कसं बसायचं? ताठ बसलो की लष्करी वाटतं, सैल बसलो की आळशी.

ताठपणाचा विचार पाठीपासून नको, पायांपासून करा. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकवा आणि कंबर खुर्चीच्या मागच्या टोकापर्यंत सरकवा. पाठ आपोआप सरळ होते आणि खांदे ओढून धरावे लागत नाहीत. खुर्चीच्या पुढच्या काठावर बसणाऱ्याची पाठ पाच मिनिटांत दुखते आणि मग तो सारखा हलतो.

मग पुढे झुकणं? ते ठरवू नका. प्रश्न आवडला की माणूस स्वतःच पुढे येतो आणि उत्तर संपलं की मागे जातो. हे होऊ द्या. अर्धा तास एकाच कोनात बसणं हीच सगळ्यांत अनैसर्गिक गोष्ट आहे.

विजयनगरच्या ऑफिसांत बहुधा चाकांची, गोल फिरणारी खुर्ची मिळते. घरी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर सराव केलेली मुलं तिथे नकळत डावीउजवीकडे झुलत राहतात. यावर उपाय तळव्यांचाच: दोन्ही पाय टेकलेले असले तर खुर्ची फिरत नाही. काही ठिकाणी खोल सोफा असतो. त्यात मागे टेकलात तर गुडघे वर येतात, म्हणून तिथेच तेवढं पुढच्या अर्ध्या भागावर बसा.

९. हात कुठे ठेवू? आणि पाय हलायची सवय आहे, त्याचं काय?

सुरुवातीला हात मांडीवर किंवा टेबलाच्या कडेवर मनगटापर्यंत, एकमेकांवर सैल. त्यांना कामाला लावू नका आणि अडवूही नका. प्रश्न ४ मधल्या मुलीसारखे ते योग्य वेळी स्वतः उठतात. अडवतात त्या वस्तू: पेन, अंगठी, ओढणीचं टोक आणि छातीशी ढालीसारखी धरलेली फाइल. फाइल टेबलावर डावीकडे ठेवा, पेन खिशात.

पाय हलतो तो बहुतेक टाच उचललेली असते म्हणून. टाच दाबून ठेवली की थांबतो. तरी थांबला नाही तर घोटे एकमेकांत अडकवा, टेबलाखाली ते कुणाला दिसत नाही.

१०. आत जाण्याआधी दोन मिनिटं हात पसरून उभं राहिलं की आत्मविश्वास वाढतो म्हणतात. करू का?

‘पॉवर पोझ’ म्हणून २०१० च्या एका अमेरिकन अभ्यासामुळे हे गाजलं. शरीरातली संप्रेरकं बदलतात असा त्यात दावा होता. २०१५ मध्ये २०० लोकांवर तो पुन्हा करून पाहिला तेव्हा संप्रेरकांत फरक आढळला नाही, आणि पुढच्याच वर्षी मूळ अभ्यासाच्या लेखिकांपैकी एकीने या परिणामावर आपला विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. आळस झटकायला हात ताणायचे तर जरूर ताणा, मात्र त्यावर विसंबू नका. वीस मिनिटं आधी पोहोचून, पाणी पिऊन, श्वास जागेवर आणणं जास्त उपयोगी पडतं.

११. हात मिळवायचा की नमस्कार करायचा?

नियम एकच: हात पुढे करायचा हक्क मुलाखत घेणाऱ्याचा. तुम्ही आत या, किंचित मान लववून ‘नमस्कार’ किंवा ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. इंदूरमध्ये मुलाखत बहुतेक हिंदीत किंवा इंग्रजीत होते, तरी ‘नमस्कार’ तिन्ही भाषांत चालतो. त्यांनी हात पुढे केला तर मिळवा, नाही केला तर बसायला सांगेपर्यंत थांबा. कारखान्यात आणि आयटी कंपन्यांत बऱ्याचदा हात पुढे येतो. रेसिडेन्सी भागातल्या लोकसेवा आयोगासारख्या सरकारी मंडळापुढे मात्र अभिवादन पुरे, हात पुढे करू नये.

बाईंशी हात मिळवावा का, असं मुलगे विचारतात. नियम तोच. त्यांनी पुढे केला तर इतरांशी मिळवाल तसाच मिळवा, बोटांची टोकं पकडून नको. आणि एखाद्या मुलीला किंवा मुलाला श्रद्धेमुळे वा इतर कारणाने हात मिळवायचा नसेल, तर समोरचा हात वर यायच्या आधीच हसून हात जोडावेत. हात हवेत आल्यावर मागे सरणं दोघांनाही अवघड जातं.

तुम्ही हात जोडलेत आणि त्यांनी हात पुढे केला, असं झालं तर? जोडलेले हात सोडून मिळवा, बस. ही चूक नव्हे. अशा गोंधळात जो माणूस मोकळेपणाने हसतो, तो त्या दिवशीचा सगळ्यांत कमी पाठ केलेला माणूस वाटतो.

१२. हात मिळवताना जोर किती? माझ्या तळहाताला खूप घाम येतो.

आधी जोराचं. तुमच्या अंगठ्याचा खळगा त्यांच्या अंगठ्याच्या खळग्याला टेकला पाहिजे, मग बोटं मिटा. पाण्याने भरलेला स्टीलचा तांब्या उचलायला जेवढी पकड लागते तेवढी पुरे. एक-दोनदा हलवा, नजर त्यांच्याकडे, आणि सोडा. पकड ढिली वाटते ती बहुधा जोर कमी म्हणून नाही, तर हात पूर्ण आत गेलेला नसतो म्हणून.

आता घाम. मे महिन्यात इंदूरहून पीथमपूरला दुचाकीवर, हातमोजे घालून गेलात तर तळहात ओले असणारच. पोहोचल्यावर थंड पाण्याने मनगटापर्यंत हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा. उजव्या खिशात सुती रुमाल ठेवा आणि नाव पुकारलं की उठताना खिशातच हात एकदा पुसा. पँटवर पुसू नका, डाग दिसतो. फाइल, हेल्मेट, पाण्याची बाटली हे सगळं दरवाजाआधीच डाव्या हातात. हेल्मेट आणि बॅग रिसेप्शनवर ठेवता आली तर उत्तम. आत जाऊन हात बदलण्याची धडपड करतानाच बहुतेकांचा पहिला क्षण बिघडतो.

तरीही हात ओला असला तर माफी मागू नका. समोरचा दोन सेकंदांत विसरतो, माफी मात्र लक्षात राहते.

१३. सराव आरशासमोर करू का?

नको. आरशात तुम्ही स्वतःला पाहता, म्हणजे बोलताना ऐकणाऱ्याचं भान सुटतं. प्रश्न २ मधला उशिरा येणारा हात बहुधा आरशातूनच येतो.

फोन बाजूला ठेवून रेकॉर्ड करा, आणि समोर फारशी ओळख नसलेलं माणूस बसवा: आईची मैत्रीण, वरच्या मजल्यावरचे काका. दर वेळी प्रश्न बदलायला सांगा. त्याच प्रश्नांवर तीनदा सराव केला की उत्तरही घट्ट होतं आणि चेहराही. दरवाजातून आत येण्यापासून बाहेर जाण्यापर्यंत पूर्ण करा, त्याच कपड्यांत आणि त्याच चपला-बुटांत. मग रेकॉर्डिंग एकदा आवाज बंद करून पाहा. फक्त एक गोष्ट निवडा आणि पुढच्या फेरीत तेवढीच बदला. आदल्या दिवशी सराव बंद.

१४. माझे डोळे तिरळे आहेत / हात कापतो / मी अडखळत बोलतो. मग हे सगळं मला लागू होतं का?

क्रम लागू होतो, रूप नाही. तिरळेपणा असेल तर चेहरा विचारणाऱ्याकडे वळवा. नजरेइतकीच दिशा मान दाखवते. हात कापत असेल तर पाण्याचा ग्लास नम्रपणे नाकारा आणि हात एकमेकांवर ठेवा. अडखळत बोलणाऱ्यांनी सुरुवातीलाच एका वाक्यात सांगावं, ‘मी कधी कधी अडखळतो, थोडा वेळ लागेल.’ असं सांगणाऱ्या उमेदवारांच्या वेळी आमच्या पॅनलवरचे सगळे सैल होऊन ऐकायचे. न सांगणाऱ्याच्या वेळी आम्हीच अवघडून जायचो. नजरेला नजर देणं मुळातच त्रासाचं असेल, तर प्रश्न ५ मधली भुवयांची युक्ती पूर्ण मुलाखतभर वापरली तरी चालते.

१५. मुलाखत संपल्यावर कसं उठायचं?

‘ठीक है, हम बताएँगे’ असं ऐकू आलं की मुलं एकदम सुटतात. फाइल गोळा करत, खाली पाहत ‘थँक्यू’ म्हणतात आणि पाठ फिरवतात. आधी बसल्या जागेवरून विचारणाऱ्याकडे पाहून आभार माना. मग फाइल डाव्या हातात घ्या, उठा, खुर्ची होती तिथे सरकवा. त्यांनी हात पुढे केला तर उजवा मोकळा आहेच. दरवाजाशी एकदा वळून मान लववा आणि दार हाताने धरून बंद करा, म्हणजे ते आपटणार नाही.